पाचवी खुर्ची

हॉलमध्ये पाच खुर्च्या ओळीत मावत नसत, म्हणून बुद्धरत्न तायडेंनी आजही सोफा ओढत गॅलरीत नेला. चार डायनिंगच्या खुर्च्या आणि शेवटी एक प्लॅस्टिकची. समोर टीपॉय. टीपॉयच्या अलीकडे स्टूल, ते संबोधीचं.

"तिला पण खुर्ची द्या," मंगला स्वयंपाकघरातून म्हणाली. "मुलाखत आहे की पोलीस ठाणं?"

"स्टूलवर पाठ ताठ राहते."

"तुमची राहिली का कधी?"

बुद्धरत्न हसले. असल्या टोमण्यांवर ते नेहमीच हसत. गेल्या वर्षी असिस्टंट जनरल मॅनेजर म्हणून रिटायर होऊन नागपूरहून इंदूरला घरी परत आले होते, आणि घरात आपण अजून पाहुणे आहोत हे त्यांना ठाऊक होतं. बँकेने त्यांना भोपाळ, जबलपूर, रायपूर, नागपूर असं फिरवलं. बायको-मुलगी मात्र स्नेहलतागंजच्या याच फ्लॅटमध्ये राहिल्या. संबोधीला बाप मिळाला तो शनिवार-रविवारचा, तेही सगळे नाहीत. त्यामुळे हा आठवडा तिला सणासारखा वाटत होता. परवा भोपाळला बँक पीओची, म्हणजे अधिकारीपदाची मुलाखत. प्रिलिम्स झाली, मेन्स झाली, आता हा शेवटचा दरवाजा. आणि बाप रोज दुपारी शर्ट इस्त्रीचा घालून, तिच्यासाठी पाच माणसं होऊन बसत होता.

"चल, बाहेर जा. दार वाजव."

संबोधी फाइल घेऊन जिन्यात गेली. शेजारचे जैन अंकल भाजी घेऊन वर येत होते. "आज फिर इंटरव्यू?" "हो अंकल, आजही." तिने स्वतःच्याच घराचं दार वाजवलं.

"मे आय कम इन, सर?"

"येस, कम." पहिल्या खुर्चीतून बापाचा आवाज आला, पण बापाचा नाही. जाड, खर्जातला, पान खाल्ल्यासारखा. हे अध्यक्ष. बुद्धरत्न अध्यक्ष झाले की पोट पुढे काढायचे. "बैठिए. संबोधी. नाम का मतलब क्या है?"

"सर, पूर्ण ज्ञान. बुद्धांना बोधिवृक्षाखाली जे झालं ते."

"तो आपको भी हो गया?"

"अभी मेन्स ही हुआ है, सर."

स्वयंपाकघरातून मंगलाचं हसू ऐकू आलं. बुद्धरत्न उठून दुसऱ्या खुर्चीत गेले आणि आवाज पातळ केला. हा दुसरा मेंबर, पुस्तकी.

"ठेवीच्या खात्याला आता किती नॉमिनी लावता येतात?"

"चार, सर."

"एकदम की एकामागून एक?"

"दोन्ही चालतं. एकदम लावले तर प्रत्येकाचा वाटा टक्क्यांत लिहायचा, बेरीज शंभर. एकामागून एक लावले तर पहिला नसेल तेव्हाच दुसऱ्याचा नंबर."

"लॉकरला?"

"लॉकरला फक्त एकामागून एक."

"का?"

संबोधी अडली. पुस्तकात कारण दिलेलं नव्हतं.

"नाही येत तर नाही येत म्हण," बुद्धरत्न स्वतःच्या आवाजात म्हणाले. "पॅनलसमोर फेकाफेकी करायची नाही. सॉरी सर, आय विल फाइंड आउट. हसून. पुढे."

तिसरी खुर्ची, तिरसट. कर्ज थकलं की ते एनपीए कधी होतं? नव्वद दिवसांच्या वर, सर. शेतकऱ्याच्या पीककर्जाला पण नव्वदच का? नाही सर, तिथे पिकाचा हंगाम मोजतात. कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम, लांबच्याला एक. चौथी खुर्ची, बाहेरून आलेल्या तज्ज्ञाची, कुठल्यातरी कॉलेजचा प्रोफेसर. तो मानसशास्त्राचं विचारतो. तुमची कमजोरी काय? सर, मी नाही म्हणायला वेळ लावते. हे उत्तर बुद्धरत्नांनीच शिकवलं होतं. ते स्वतःच खूश झाले आणि उठून पुन्हा पहिल्या खुर्चीत जाऊन बसले.

"थँक यू संबोधी, यू मे गो."

"पप्पा, पाचवी?"

"काय पाचवी?"

"प्लॅस्टिकची. रोज मांडता, बसत कधीच नाही."

"त्याच्याकडून प्रश्न येत नाही."

"मग मांडता कशाला?"

"पॅनलमध्ये असतो म्हणून. तुझी नजर त्याच्याकडे पण गेली पाहिजे. उत्तर देताना सगळ्यांकडे बघायचं."

"पण असतो कोण तो?"

बुद्धरत्नांनी टीपॉयवरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि घोटभर पाणी प्यायले. "आपला माणूस. एससी-एसटीचा मेंबर. नियमच आहे, पॅनलवर एक लागतो. आपल्या मुलांवर अन्याय होऊ नये म्हणून."

"तुम्ही बसलात?"

"तीनदा."

"आणि एकही प्रश्न विचारला नाही?"

"विचारायची गरज नसते बेटा. तो फक्त बघतो."

संबोधीला गंमत वाटली. ती स्टूल सरकवत पुढे आली. "सांगा ना. खरी मुलाखत सांगा. कोण कसं आलं, कोण पडलं. प्राची दीदी म्हणते, पाहिलेल्या माणसाकडून ऐकलं पाहिजे."

प्राची दीदी म्हणजे प्राची गजभिये. भंवरकुआँच्या एका कोचिंग क्लासमध्ये गणित आणि रीझनिंग शिकवायची. धार रोडवरच्या बेटम्याहून रोज बसने यायची, हल्ली अ‍ॅक्टिव्हा घेतली होती. संबोधीला दोन वर्षं तिनेच घडवलं. क्लास सुटल्यावर वेगळं बसवून, एक रुपया न घेता. परवाच्यासाठी शेवटची मॉक घ्यायला ती आज दुपारी घरी येणार होती. बुद्धरत्नांची आणि तिची भेट अजून झालीच नव्हती.

"एक किस्सा सांगतो," बुद्धरत्न म्हणाले. "तुझ्या कामाचा आहे. तू तोंडाने तिखट आहेस, म्हणून."

ते आरामात टेकून बसले. सहा वर्षांपूर्वीची गोष्ट, भोपाळची. ते तेव्हा चीफ मॅनेजर होते. दुपारच्या पाळीत एक मुलगी आली. आपलीच, मराठी, बौद्ध. मेन्सला काय मार्क होते ते पॅनलला दिसत नाहीत, पण तयारी दिसते. पहिल्याच प्रश्नात दिसली. मग अध्यक्षांनी विचारलं, घरी काय आहे? तिने सांगितलं, वडिलांचं पंक्चरचं दुकान आहे. मग अध्यक्ष म्हणाले, तुम तो इतना अच्छा बोलती हो, फिर तुम्हें आरक्षण क्यों चाहिए?

संबोधीच्या हातातली फाइल मांडीवर तशीच राहिली.

"आता याचं उत्तर असतं," बुद्धरत्न म्हणाले. "सर, राज्यघटनेने दिलेली संधी आहे, मी तिचा मान राखून मेहनत करीन. झालं. दोन वाक्यं. खाली बघायचं, हसायचं. पण ती मुलगी काय म्हणाली? म्हणाली, सर, आमच्या दुकानात लोक टायर हातात देतात, पण पैसे फळीवर ठेवतात. मी चांगलं बोलायला लागले म्हणून ते हातात द्यायला लागले नाहीत. इथपर्यंत ठीक. पुढे म्हणाली, सर, अकरा मिनिटं झाली, तुम्ही बँकेचा एक प्रश्न विचारलात आणि माझ्या घराचे सहा. जनरलच्या उमेदवाराला असंच विचारता का? घड्याळ बघून म्हणाली. सांग आता."

"बरोबर म्हणाली."

"बरोबर तर म्हणाली. पण कुठे म्हणाली?"

"मग?"

"मग काय. ती गेल्यावर अध्यक्ष म्हणाले, बहुत अ‍ॅटिट्यूड है, कस्टमर भगा देगी. एससीला शंभरात पस्तीस लागतात पास व्हायला. अध्यक्ष म्हणाले, चौतीस. असं असतं बेटा. मार्क ज्याच्या त्याच्या कागदावर, पण आधी बोलून ठरतं. म्हणून सांगतो, मेन्सला नव्वद टक्के आणलेस तरी मुलाखतीत पस्तीस नाहीत तर सगळं पाण्यात. तिला एक मार्क कमी पडला. एक. तोंडामुळे."

मंगलाने कढईत गराडूच्या कंदाचे काप सोडले, त्याचा चर्र आवाज आला. 

संबोधीला ती मुलगी माहीत होती. घड्याळ माहीत होतं. टायटनचं, काळ्या पट्ट्याचं, प्राची दीदी अजूनही तेच वापरते. अकरा मिनिटं तिला माहीत होती, फळीवरचे पैसे माहीत होते. चौतीस हा आकडा तर तिला पाठ होता, कारण प्राची दीदीने दोन वर्षांत तिला तो किमान वीस वेळा सांगितला होता, दर वेळी हसत, आणि दर वेळी शेवटी एकच वाक्य जोडत: माझी जीभ माझी दुश्मन, तू तसं करू नकोस.

"पप्पा, ती मुलगी बेटम्याची होती का?"

"असेल. धार रोडचं काहीतरी बोलली होती."

"नाव?"

"आता कोण लक्षात ठेवतं."

"अध्यक्ष म्हणाले चौतीस. तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार."

"म्हणजे काय म्हणालात?"

बुद्धरत्नांनी तिच्याकडे पाहिलं. मुलीचा आवाज बदलला होता. मॉकमधला आवाज नव्हता हा. "बेटा, चार लोक एका बाजूला..."

"चार लोक होते ते मला कळलं. पाचवी खुर्ची काय म्हणाली?"

"त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तायडेजी, आपका क्या कहना है? मी म्हणालो, ठीक है सर."

"ठीक है सर."

"हो."

"आणि तुमच्या कागदावर?"

"चौतीस."

गराडू तळायचे थांबले होते. मंगला दारात येऊन उभी राहिली, हातात झारा. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा आत गेली. तिला हे आधीच ठाऊक होतं का नव्हतं, संबोधीला त्या चेहऱ्यावरून कळेना.

"तुम्हाला तिथे कशासाठी बसवलं होतं, पप्पा?"

"तू आता भाषण देऊ नको."

"मी प्रश्न विचारतेय. मॉक चालू आहे. कशासाठी बसवलं होतं?"

"मला वेडा समजतेस? मला माहीत नव्हतं का? मी चाळीस म्हणालो असतो तर काय झालं असतं? म्हणाले असते, हा आपल्या लोकांना ओढतो. पुढच्या दहा मुलांच्या वेळी माझ्या शब्दाला किंमत राहिली नसती. एका मुलीसाठी दहा मुलं घालवायची?"

"मग पुढच्या दहांच्या वेळी बोललात?"

त्यांनी टीपॉय थोडा सरळ केला.

"तीनदा बसलात म्हणालात. तिन्ही वेळा मिळून किती वेळा बोललात?"

"संबोधी."

"फेकाफेकी करायची नाही, तुम्हीच म्हणालात. नाही येत तर नाही येत म्हणा."

बुद्धरत्न उठले. गॅलरीच्या दारापर्यंत गेले. सोफा आडवा पडला होता, त्यामुळे पुढे जाता येईना. तिथेच पाठ करून उभे राहिले. हा माणूस महूला वाढला. बाप दगडू तायडे फौजेत, महार रेजिमेंटमध्ये. पेन्शन आली की पोरांना घेऊन बाबासाहेबांच्या जन्मस्थळी जायचा आणि सांगायचा, इथे उभं राहून मान खाली घालायची नाही. बुद्धरत्न हे सगळ्यांना सांगत. चौदा एप्रिलला मंचावरून सांगत. संबोधीने लहानपणापासून ऐकलं होतं आणि दर वेळी तिच्या अंगावर काटा आला होता. आता त्या काट्यांचीच तिला चीड आली.

"मार्चमध्ये माझं प्रमोशन होतं," ते पाठमोरेच म्हणाले. "चीफ मॅनेजरवरून एजीएम. मुलाखतीला हेच अध्यक्ष बसणार होते. सगळ्यांना माहीत होतं. तीन वेळा डावललं होतं मला, तुला माहितीये? माझ्यामागून आलेले दोघं माझे साहेब झाले होते. जनवरीत मी त्या माणसासमोर तोंड उघडायचं, आणि मार्चमध्ये त्याच्याचसमोर हात जोडून बसायचं? तू शिकतेस, हा फ्लॅट आहे, तुला दोन वर्षं नोकरी न करता अभ्यास करता आला, ते कशामुळे?"

"चौतीसमुळे."

"असं बोलू नकोस."

"कसं बोलू? खाली बघून, हसून?"

"दो मिनट की बात थी, संबोधी. दोन मिनिटांत सगळं झालं. पुढचा उमेदवार बाहेर उभा होता."

संबोधी स्टूलवरून उठली. तिला रडायचं होतं, पण ते बापासमोर नको होतं, आणि या घरात बाप नसेल अशी जागा आता राहिली नव्हती. ती म्हणाली, "ती मुलगी प्राची दीदी आहे."

बुद्धरत्न वळले.

"बेटम्याची. पंक्चरवाल्यांची. आत्ता येईल ती. तीन वाजता."

संबोधीने नंतर हा क्षण पुष्कळदा आठवून पाहिला. बापाच्या चेहऱ्यावर लाज येईल असं तिला वाटलं होतं. आधी आली ती भीती. मग हिशेब. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, पावणेतीन झाले होते.

"तिला फोन कर. माझी तब्येत बरी नाही सांग."

"तब्येत तुमची बिघडलीय, माझी नाही. मॉक माझी आहे."

"मग मी आत पडतो. मायग्रेन सांग."

"नाही सांगणार."

"बेटा, परवा तुझी मुलाखत आहे. तिचं मन खराब करून काय मिळणार? तुझं खराब होईल, तिचं होईल. झालेलं बदलतं का?"

"तुम्ही तिला सांगा. तुमच्या तोंडाने. बस एवढंच. मी तुमच्याशी भांडणार नाही, आईला काही बोलणार नाही, कुणाला सांगणार नाही. ती येईल, तुम्ही सांगा."

त्यांनी घड्याळाकडे पुन्हा पाहिलं. मग मान हलवली. हो म्हणून. संबोधीने ती मान पाहिली आणि इतकं सगळं ऐकूनही तिला वाटलं, सांगतील. बापाविषयी असं वाटायची सवय पंचवीस वर्षांची होती.

प्राची आली ती घामाघूम, हेल्मेटमुळे केस चपटे झालेले, हातात राजवाड्याहून आणलेली कचोरीची पुडी. "जय भीम काकू. यार संबोधी, काय ट्रॅफिक आहे रे स्टेशनला, एक भिया तर ऑटो घेऊन माझ्या मांडीवरच बसत होता..." बोलत बोलत ती हॉलमध्ये आली आणि पाच खुर्च्या बघून हसली. मग तिचं लक्ष बुद्धरत्नांकडे गेलं.

ती थांबली. पुडी खाली ठेवली.

"सर, तुम्ही?"

"जय भीम," बुद्धरत्न म्हणाले.

"तुम्ही भोपाळला होतात. सहा वर्षांपूर्वी. शेवटच्या खुर्चीवर. राखाडी स्वेटर." ती संबोधीकडे वळली. "तू सांगितलं नाहीस कधी. अगं, हे तेच आहेत."

"कोण?" संबोधीने विचारलं, कारण तिला खरंच कळलं नाही.

"पाण्याचे." प्राचीचा आवाज हलका झाला होता. "मी तुला हे नाही सांगितलं, कुणालाच नाही. मी ते सगळं बोलून बसले ना, माझे हात थरथरत होते. चौघं असे बघत होते, जणू मी टेबलावर थुंकलेय. आणि सरांनी आपला पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. काही बोलले नाहीत. नुसता सरकवला." ती बुद्धरत्नांकडे पाहत होती. "सर, मला तुमचं नाव माहीत नव्हतं. पण मला माहीत होतं, आपला एक माणूस बसतो पॅनलवर. चौतीस आले तेव्हा मी आईला म्हणाले, चौघांनी वीस-वीस दिले असतील, त्या एकानेच ओढून चौतीसपर्यंत आणलं. एकटा माणूस किती ओढणार. सहा वर्षं म्हणायचं होतं, सर. थँक यू."

तिने वाकून त्यांच्या पायाला हात लावला.

आता सांगायचं होतं. तीन शब्दांचं काम होतं. संबोधी बापाकडे पाहत राहिली. बुद्धरत्नांनी प्राचीच्या डोक्यावर हात ठेवला.

"बेटा," ते म्हणाले, "मी खूप प्रयत्न केला होता."

खोटं बोलतानाही त्यांचा आवाज भरून आला. खरोखर भरून आला. त्या घटकेला त्यांना स्वतःलाही ते खरं वाटलं असेल. संबोधीला सगळ्यात किळस त्याची आली.

"पप्पांनी चौतीसच दिले, दीदी," ती म्हणाली.

"काय?"

"अध्यक्ष म्हणाले चौतीस. यांना विचारलं. हे म्हणाले, ठीक है सर. आपल्या कागदावर चौतीस लिहिले. मार्चमध्ये यांचं प्रमोशन होतं. हे मला यांनी आत्ता अर्ध्या तासापूर्वी सांगितलं, तोंड सांभाळावं म्हणून. तुझा किस्सा शिकवायला वापरतात हे."

प्राची सरळ उभी राहिली. तिने बुद्धरत्नांना विचारलं नाही खरं का म्हणून. त्यांचा हात अजून हवेत होता, तिचं डोकं जिथे होतं तिथे. तो तिने पाहिला, तेवढं पुरलं.

"पाणी का दिलंत मग?" तिने विचारलं.

"तू थरथरत होतीस."

"म्हणजे दया आली."

"मला वाईट वाटलं होतं. अजूनही..."

"सर, मी भंवरकुआँला सहा वर्षं शिकवतेय. एका बॅचला चाळीस मुलं, वर्षाला तीन बॅचेस. त्यांत आपली मुलं पंधरा-वीस तरी असतात. प्रत्येक बॅचला मुलाखतीच्या आधी मी त्यांना वेगळं बसवते आणि सांगते, आत गेल्यावर जीभ दाताखाली ठेवा. माझं बघा, मी बोलले आणि गेले. मी मुलींना गप्प बसायला शिकवलं, सर. शंभर-दीडशे मुलींना. मला वाटायचं मी माझ्या चुकीमुळे पडले." ती हसली नाही, दर वेळी हसायची तशी. "मी माझ्या चुकीमुळे पडलेच नव्हते."

"बस बेटा, बस जरा," मंगला पुढे आली. हातात गराडूची प्लेट होती, वर जीरावनचा मसाला भुरभुरलेला. तिला काय करावं सुचत नव्हतं म्हणून प्लेट आणली होती. प्राचीने एक काप उचलला, तो मंगलाचा मान म्हणून. खाल्ला नाही, हातातच ठेवला.

"किती वेळ लागला तुम्हाला?" तिने विचारलं.

बुद्धरत्नांनी हात खाली घेतला.

"दोन मिनिटं," संबोधी म्हणाली.

प्राचीने हेल्मेट उचललं. संबोधी फाइल घेऊन तिच्यामागे जिना उतरली. खाली गल्लीत रेल्वे स्टेशनकडे जाणाऱ्या ऑटोंची रांग लागली होती. प्राचीने अ‍ॅक्टिव्हाच्या डिकीत काप ठेवला, मग पुन्हा काढून कोपऱ्यातल्या कुत्र्यापुढे टाकला.

"दीदी, मी येते तुझ्याबरोबर. क्लासवर करू मॉक. दोन तास तरी."

"नको."

"परवा आहे ग."

"माहितीये कधी आहे ते." प्राचीने हेल्मेट घातलं, काच वरच ठेवली. "तुला आत्ताच कळलं ना, अर्ध्या तासापूर्वी?"

"शप्पथ."

"विश्वास आहे माझा. पण आज मला तुझा चेहरा त्यांच्यासारखा दिसतोय. नाक तेच आहे. मी तुला आत्ता प्रश्न विचारले तर नीट विचारणार नाही." ती गाडी सुरू करून थोडी पुढे गेली आणि पायांनी थांबवली. "ते जीभ दाताखाली ठेवायचं शिकवलं होतं ना मी तुला, ते खोड. ते पान वहीतून फाडून टाक."

"आणि विचारलं तर काय म्हणू?"

"जे आहे ते."

ती गेली. संबोधी गल्लीत उभी राहिली. दोन वर्षं जी बाई तिला क्लास सुटल्यावर थांबवून शिकवत होती ती आज तिला गाडीवर न घेता गेली, आणि यात संबोधीची चूक नव्हती, आणि तरी होती. फ्लॅट तिचा होता. दोन वर्षं बिननोकरीची तिची होती. चौतीसमधून जे निघालं ते तिनेच खाल्लं होतं.

ती वर आली तेव्हा हॉलमध्ये काही हललं नव्हतं. बुद्धरत्न पहिल्या खुर्चीत बसले होते, अध्यक्षांच्या. डोळे लाल होते. मंगला आत भांडी घासत होती, इतक्या जोरात की ताटं फुटतील असं वाटावं.

"तिला फोन करीन मी," ते म्हणाले. "दोन दिवसांनी. तिचा राग शांत झाला की. तिची वयाची अट अजून एक वर्ष आहे ना? मी ओळखीत बोलतो कुणाशी तरी. मुलाखतीची तयारी मी स्वतः करून घेईन तिची."

संबोधीने स्टूल उचललं. ते गॅलरीच्या दारात, आडव्या सोफ्याला लागून ठेवलं, रस्त्याकडे तोंड करून. फाइल मांडीवर घेतली आणि मोठ्याने बोलायला सुरुवात केली, जसं ती परवा बोलणार होती. माझं नाव संबोधी तायडे. माझे आजोबा महूला फौजेत होते. कोणी विचारलं नव्हतं, तरी तिने आरक्षणाच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, पूर्ण दिलं. दोनदा अडखळली, तिसऱ्यांदा नाही. खाली एक ऑटोवाला मान वर करून बघत राहिला.

"हळू बोल," बुद्धरत्न मागून म्हणाले. "आणि तो शेवटचा भाग जरा कापावा लागेल. पॅनलला तो जड जाईल. थांब, मी मार्क देतो तुला, मग कळेल कुठे जातात ते."

"नको, पप्पा," ती न वळता म्हणाली. "तुम्ही रिटायर झालात."

आणि पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू झाली.